डाव्या पानावरची मापं

शेवटच्या साध्यासुध्या दिवशी बाबा माझ्यावर टेपवरून चिडले होते.

"ताणून धर. झोळ पडला की भिंत फुकटची लांब होते."

मी एक्केचाळीस वर्षांची, स्वतःचं हिशेबांचं ऑफिस असलेली बाई, एका धुलाई कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेपचं टोक दाबून उभी होते. बाबा दुसऱ्या टोकाला, कानामागे पेन्सिल. जमिनी आणि इमारतींचं मूल्यांकन करणं हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. टेप धरायला माणूस मिळाला नाही की मला बोलावणं यायचं, आणि गेली काही वर्षं माणूस कधीच मिळत नव्हता.

कारखान्याच्या मालकीणबाई माझ्याच अशील. दवाखान्यांच्या चादरी धुण्याचं काम. चार महिन्यांपूर्वी त्यांनी ही जागा घेतली होती: सहाशे चौरस मीटरचा प्लॉट आणि त्यावर उभी असलेली वीस वर्षांची दुमजली इमारत. खरेदीखतात दोन्हीचा मिळून एकच आकडा होता. नोंदणीचा खर्च धरून नव्वद लाख. माझी अडचण तिथेच होती. इमारत वापरून झिजते, तेव्हा तिच्या किमतीचा थोडा थोडा भाग दरवर्षी खर्चात धरता येतो. त्यालाच घसारा म्हणतात. जमीन झिजत नाही, तिच्यावर घसारा नाही. म्हणजे नव्वदातली जमीन किती आणि इमारत किती, हे कुणीतरी आधाराने सांगितल्याशिवाय मला वह्या बंद करता येत नव्हत्या. ते सांगायला बाबा आले होते.

बाई हात पुसत मागे आल्या.

"काका, इमारतीला जरा सढळ हाताने घाला. जमिनीचं काय, ती नुसती पडलीये."

"पडलीये म्हणूनच," बाबा म्हणाले. "तुमच्या चादरी झिजतात, यंत्रं झिजतात, इमारत झिजते, मी झिजतो. जमीन तेवढी तशीच्या तशी."

"मग तुमच्यावरही लावा की घसारा."

"माझा कधीच लावून संपला. आता नुसती भंगाराची किंमत उरलीये. ती किती, हे हिच्या आईला विचारा."

बाई खो खो हसल्या. मला हसू आलं नाही. ऊन होतं, पाय दुखत होते, आणि हा विनोद मी याआधी निदान तीस वेळा ऐकला होता. आता वाटतं, हसायला काय जात होतं?

मागच्या अंगाला बाईंनी बॉयलरसाठी पत्र्याची एक खोली नव्याने बांधून घेतली होती. बाबांनी तीही मोजली. त्यांची पद्धतच तशी होती, नजरेला पडेल ते सगळं मोजायचं. मात्र खरेदीखताने जे मिळालं ते वहीच्या उजव्या पानावर, आणि जे समोर दिसतंय पण त्या व्यवहारातलं नाही ते डाव्या पानावर. बॉयलरची खोली डाव्या पानावर गेली. ती खरेदीनंतर बांधलेली, तिचा खर्च वेगळा, त्या नव्वदांशी तिचा संबंध नाही. लिहून झाल्यावर त्यांनी डाव्या पानावर कोपऱ्यातून कोपऱ्यात पेन्सिलीची एक तिरकी रेघ मारली आणि वही मिटली. प्रत्येक डाव्या पानावर ते अशी रेघ मारत. जुनी सवय, असंच मी समजत आले होते.

दुपारी आम्ही अहवाल केला. ते सांगत गेले, मी टाईप करत गेले. आसपास विकल्या गेलेल्या मोकळ्या प्लॉटांचे भाव काढून त्यांनी खरेदीच्या तारखेला मीटरला दहा हजार असा दर बसवला होता. जमीन साठ लाख. इमारत चारशे मीटर. तशीच आज नवी बांधायची तर मीटरला पंधरा हजार, म्हणजे साठ लाख. पण ती नवी नव्हती. साठ वर्षांच्या आयुष्यातली वीस वापरून झालेली, म्हणून एक तृतीयांश वजा. राहिले चाळीस.

संध्याकाळी बाई अहवाल न्यायला आल्या आणि खुर्चीत बसल्या बसल्याच तोंडी हिशेब मांडायला लागल्या.

"साठाची जमीन म्हणता. मी मोजले नव्वद. म्हणजे इमारत तीसच की! हे हो काय, काका?"

"असं नसतं ते," बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "वेगवेगळं घेतलं असतंत तर साठ आणि चाळीस, शंभर पडले असते. तुम्ही दोन्ही एकदम घेतलंत, नव्वदात. दहा सुटले. ते दहा एकट्या इमारतीच्या वाट्याचे का? विकणाऱ्याने इमारत स्वस्तात दिली आणि जमीन पुऱ्या भावाने, असं कुठे लिहिलंय? सूट दोघींची. साठातले सहा, चाळिसातले चार. जमीन चोपन्न, इमारत छत्तीस."

"म्हणजे माझा सहाचा फायदा झाला."

"फायदा नाही झाला. बरोबर झालं."

बाबांनी सही केली, खाली तारीख घातली. जाताना माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "चला हिशेबनीसबाई, टेपमधून सुटलात तुम्ही." मी मान वर न करता "हं" म्हणाले. मला दुसऱ्या एका अशिलाची कराची विवरणं भरायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला म्हणून त्यांनी नळ सोडला आणि पलंगावर टेकले. बादली भरून वाहायला लागली, तेव्हा आई ओरडत आत गेली.

*

नंतरच्या महिन्यांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. दाखले, बँका, सह्या. माझ्या धंद्यामुळे मला हे सगळं येत होतं, म्हणून ते सगळं माझ्याकडेच आलं. लोक म्हणायचे, बरं झालं बाई, तुला माहितीये कसं करायचं ते. मी मान डोलवत होते. रोज ऑफिसला जात होते, घरी येत होते, आईशेजारी बसून दूरदर्शनवर कुठला तरी कार्यक्रम बघत होते. दमणूक अशी होती की झोपूनही जायची नाही.

आठव्या महिन्यात धुलाईवाल्या बाईंना कर कार्यालयाची नोटीस आली. इमारतीची किंमत छत्तीस लाख कशाच्या आधारावर धरली, ते येऊन सांगा.

बाई नोटीस घेऊन माझ्यासमोर बसल्या. "मॅडम, छत्तीस राहिले नाहीत तर?"

"तर ते त्यांच्या मनाने ठरवतील. घसारा कमी धरतील, कर वाढेल. वर दंडही लावू शकतात."

"मी यंत्रांचा हप्ता फेडतेय हो. बारा बायका कामाला आहेत माझ्याकडे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "काकांचं काम पक्कं असतं ना?"

"पक्कं असतं," मी म्हणाले. असतं की असायचं, यावर जरा अडखळले.

कार्यालयात आमचा अधिकारी तिसऱ्या मजल्यावर बसत होता. निवृत्तीला आलेला, सर्दी झालेला माणूस. टेबलावर फायलींच्या दोन थप्प्या आणि मध्ये नाक पुसायचा रुमाल. माणूस वाईट नव्हता. मला जेवढा कंटाळा आला होता, तेवढाच त्यालाही आला होता.

"पद्धत ठीक आहे," अहवाल चाळत तो म्हणाला. "वेगवेगळ्या किमती काढल्यात, वय वजा केलंय, त्या प्रमाणात रक्कम वाटलीये. पुस्तकात असंच आहे. माझं म्हणणं पद्धतीबद्दल नाही."

"मग?"

त्याने थप्पीतून एक जुनी, पिवळी पडलेली ऑर्डर काढली. मला ती वाचावी लागली नाही. कागदाच्या रंगावरूनच मी ओळखली.

"एकोणीस वर्षांपूर्वी याच गृहस्थांनी एका शीतगृहाचं मूल्यांकन केलं होतं. तिथेही असाच एकरकमी व्यवहार. इमारतीच्या मापात भाडेकरूची पत्र्याची शेड घातली. शेड मालकाची नव्हतीच. भाडेकरू गेला, जाताना शेड उचलून घेऊन गेला. आमचा माणूस पाहणीला गेला तर तिथे नुसती जमीन. इथे स्पष्ट लिहिलंय, मूल्यांकनकाराने चूक मान्य केली." तो शिंकला. "आता तुमच्या कारखान्यातही मागे पत्र्याची खोली आहे. मी बघून आलोय."

"ती चारशे मीटरांत नाहीये."

"हे कोण सांगणार? सही करणारा माणूस दुसऱ्या दिवशी वारला. मला वाईट वाटतं, पण मी त्यांना बोलावून विचारू शकत नाही. सरळ इमारत वीस लाख धरतो आणि फाईल बंद करतो. तुम्हाला पटलं नाही तर अपील करा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "त्यांच्या मोजणीच्या वह्या आहेत. सगळ्या. जे धरायचं ते उजव्या पानावर, जे धरायचं नाही ते डाव्या. प्रत्येक कामाच्या अहवालाची प्रतही आहे. कुठलीही वही उघडा आणि ताडून बघा."

त्याने रुमाल उचलून नाक पुसलं.

"सगळ्या आणा," तो म्हणाला. "मी पाहिजे ती उघडणार. डावं पान ते खरंच वगळत होते एवढं मला पटलं, तर छत्तीसाला हात लावत नाही. मलाही कटकट नकोय."

जिना उतरताना बाई हळूच म्हणाल्या, "मग झालंच की काम."

झालं नव्हतं. सगळ्या वह्यांमध्ये ती एक वहीही होती.

*

एकोणीस वर्षांपूर्वी मी बाबांच्या ऑफिसात उमेदवारी करत होते. बाविसाव्या वर्षी माणसाला सगळं येत असतं. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्याला पट्टी होती, आणि शीतगृहाचा अहवाल दोन दिवसांत द्यायचा होता. मी म्हणाले, मी वहीवरून करते, तुम्ही झोपा. वहीत दोन्ही पानांवर मापं होती. डावीकडे एकशे दहा मीटर, पत्र्याचं छप्पर. मला वाटलं, उजवं पान भरलं म्हणून डाव्यावर लिहिलंय. पलीकडच्या खोलीत जाऊन विचारायला दहा पावलं लागली असती. मी विचारलं नाही. बेरीज केली, टाईप केलं, त्यांचा हात धरून सहीची जागा दाखवली. त्यांनी न वाचता सही केली. वाचता येतच नव्हतं त्यांना.

सुनावणीला मी त्यांच्या शेजारी बसले होते. अधिकाऱ्याने वही मागितली नाही, फक्त विचारलं. बाबा म्हणाले, "मोजणी माझी, सही माझी. चूकही माझीच." मी समोरच्या टेबलाच्या कडेकडे बघत होते. तिथे सनमायका उचकटला होता. अजूनही मला तो तुकडा कागदावर काढून दाखवता येईल.

त्या वर्षी दोन बँकांनी बाबांना आपल्या यादीतून काढलं. मोठी कामं गेली. पुढे ते गोदामं, छापखाने, धुलाईचे कारखाने असली लहान कामं करत राहिले. मला ते कधी काही बोलले नाहीत. मीही काही बोलले नाही. आधी भीतीने, मग लाजेने, आणि नंतर इतकी वर्षं झाली म्हणून.

रविवारी मी कपाटातून वह्या काढून जमिनीवर मांडल्या. एकतीस भरल्या. आई दारात उभी राहिली.

"रद्दीत घालतेस की काय?"

"नाही. कार्यालयात दाखवायच्यात."

"त्यांच्या वह्या कोण बघणार? त्यांचं अक्षर त्यांना कळत नव्हतं. वाण्याची यादी लिहिली तर मला दुकानातून फोन करावा लागायचा." ती भिंतीला टेकून खाली बसली. "काय झालंय?"

मी तिला शेडीचं सांगितलं नाही. म्हणाले, "क्रमाने लावायच्यात." ती मदत करू लागली. तिला तारखा कळत होत्या. ती वही उघडायची, पहिलं पान बघायची, माझ्या हातात द्यायची.

पंधरावी वही शीतगृहाची होती. मी ती उचलून बाजूला ठेवली, मांडीखाली. एकतीसातली एक कमी असली तर अधिकाऱ्याला काय कळणार होतं? हरवली म्हणायचं. उरलेल्या तीस वह्यांनी बाईंचं काम झालं असतं.

आई म्हणाली, "ही रेघ का मारलीये?"

तिच्या हातात सोळावी वही होती. डाव्या पानावर पेन्सिलीची तिरकी रेघ, कोपऱ्यातून कोपऱ्यात.

"सवय होती त्यांची."

"या आधीच्यात नाहीये."

मी चौदावी उघडली. तेरावी, पाचवी, पहिली. डाव्या पानांवर मापं होती, रेघ कुठेच नव्हती. वीस वर्षं त्यांना तिची गरज पडली नव्हती. स्वतःची पद्धत त्यांना पाठ होती. मांडीखालची वही काढून मी शीतगृहाचं पान उघडलं. तिथेही रेघ नव्हती. पुढचं काम त्याच वहीत, सुनावणीनंतरच्या आठवड्यातलं, एका छापखान्याचं. त्या डाव्या पानावर पहिली रेघ होती. पेन्सिल इतकी दाबलेली की मागच्या बाजूला बोट फिरवलं तर लागत होती. तिथून पुढे एकही डावं पान रेघेशिवाय नव्हतं.

म्हणजे घरी येऊन त्यांनी वही उघडून पाहिली होती. सगळं कळलं होतं त्यांना. आणि मला काही न विचारता, मी पुन्हा चुकू नये एवढी तजवीज करून ते कामाला लागले होते. शेवटच्या दिवशीसुद्धा, धुलाई कारखान्याच्या मागे, त्या उन्हात.

"काय गं?" आई म्हणाली.

"काही नाही. पाठ भरून आलीये."

मी पंधरावी वही चौदावीच्या आणि सोळावीच्या मध्ये ठेवली.

*

मंगळवारी वह्यांच्या आणि अहवालांच्या दोन पिशव्या तिसऱ्या मजल्यावर चढवताना बाई आणि मी दोघीही धापा टाकत होतो. लिफ्ट होती, पण तिच्यावर 'बंद'ची पाटी लावलेली होती. "आधी बघून ठेवायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "लिफ्ट नेमकी कधी बंद ठेवायची ते या लोकांना बरोबर कळतं."

अधिकाऱ्याची सर्दी अजून तशीच होती. त्याने खरंच वह्या उघडल्या. मधून एक, शेवटून एक, सुरुवातीची एक. शेजारी अहवालाची प्रत ठेवून उजव्या पानाच्या बेरजा स्वतः करून पाहिल्या. शेवटी धुलाई कारखान्याचं पान काढलं. उजवीकडे खालचा मजला दोनशे, वरचा दोनशे. डावीकडे बॉयलरची खोली, तिच्यावर रेघ. त्याने बाईंना खोली बांधल्याची बिलं मागितली. ती खरेदीनंतरच्या तारखांची होती. त्याने मान हलवली.

तासभर गेला. कारकून चहा ठेवून गेला तो निवत गेला.

"डावं पान कुठेच धरलेलं नाही," तो म्हणाला. "मान्य. पण मग इथे काय झालं?"

त्याच्या हातात पंधरावी वही होती. दुसऱ्या हातात ती पिवळी ऑर्डर.

"इथे डावीकडे एकशे दहा मीटर लिहिलंय आणि अहवालात ते धरलंय. मी बघितलेल्या वह्यांमध्ये एवढं एकच. माणूस चाळीस वर्षं एक नियम पाळतो आणि एकदाच मोडतो, आणि नेमकं इमारत फुगवायच्या वेळी. याला मी काय म्हणू? इथे मुद्दाम केलं असेल तर दुसरीकडे केलं नसेल कशावरून? हे मला फाईलीत लिहावं लागणार. काहीतरी खुलासा द्या."

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांची बारा माणसं, त्यांचा हप्ता, सगळं त्या एका पानावर येऊन थांबलं होतं. मी म्हणू शकले असते, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दिसत नव्हतं, चुकून झालं. ते खरंही होतं. तेवढ्यावर कदाचित भागलंही असतं. चूक पुन्हा त्यांचीच राहिली असती आणि फाईल बंद झाली असती.

समोरच्या टेबलाची कड नवीन होती. कुठेच उचकटलेली नव्हती.

"कारकुनाला बोलवा," मी म्हणाले. "लिहून घ्यायला."

अधिकाऱ्याने रुमाल खाली ठेवला. "तुम्ही स्वतः व्यवसायात आहात. जे सांगाल ते तुमच्या नावाने राहील, माहितीये ना?"

"माहितीये."

कारकून आला, खुर्ची ओढून बसला, पेन उघडलं.  माझा आवाज अगदी साधा निघाला, ऑफिसातला रोजचा, दमलेला.

"शीतगृहाचा अहवाल माझ्या वडिलांनी केला नव्हता. मी केला होता. त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती, त्यांनी माझ्यावर विसंबून सही केली. मापं त्यांनी बरोबर बाजूलाच लिहिली होती. डावं पान मी धरलं. त्यांना विचारलं नाही. आणि त्यांनी चूक स्वतःवर घेतली, तेव्हा मी शेजारीच बसले होते. चूक माझी होती, बाबा."